पहाटेच्या पाण्यातला ऑक्सिजन, थेंबाथेंबाने मोजलेला

उन्हाळ्याच्या शेवटी, ढगाळ रात्र सरल्यावर शेततळ्यातले रोहू आणि कटला पहाटे वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढू लागतात. अनुभवी मत्स्यपालकाला याचा अर्थ लगेच कळतो: पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. दिवसभर शेवाळ ऊन खाऊन पाण्यात ऑक्सिजन सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ कुजवणारे जिवाणू, सगळेच तो वापरतात. म्हणून पातळी सर्वांत खाली जाते ती सूर्योदयाच्या सुमारास. ती नेमकी किती खाली गेली, हे मासे सांगत नाहीत. ते मोजण्याची एक भरवशाची रीत हंगेरीचा रसायनतज्ज्ञ लायोश विंकलर याने 1888 साली प्रसिद्ध केली. आज सेन्सरवर चालणारे मीटर मिळत असले, तरी मीटर बरोबर दाखवतो का हे पाहायला हीच रीत वापरतात.

या मोजणीतली खरी अडचण हवा आहे. 28 अंश सेल्सिअसला एक लिटर गोडे पाणी हवेतून घेऊन घेऊन जेमतेम 7.8 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते. एक लिटर हवेत मात्र तो सुमारे 270 मिलिग्रॅम असतो. ऑक्सिजन घटलेल्या पाण्याच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत मिळून अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच असेल, तर झाकणाखाली अडकलेला एक मिलिलिटरचा बुडबुडा पाव मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन सोबत आणतो. म्हणजे बाटली भरतानाच सगळी कसोटी लागते.

त्यासाठी बीओडी बाटली वापरतात. तिचे काचेचे बूच खाली टोकदार असते, त्यामुळे बूच बसवताना हवा अडकत नाही. पाणी वरून ओतायचे नाही. नमुना घेण्याच्या उपकरणाची नळी बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी सावकाश आत सोडतात, आणि बाटली भरल्यावरही काही वेळ वाहू देतात, म्हणजे सुरुवातीला हवेला लागलेले पाणी बाहेर जाते.

पुढचे काम तळ्याच्या काठावरच करावे लागते. बंद बाटलीतही शेवाळ आणि जिवाणू श्वास घेतच असतात, त्यामुळे नमुना तसाच प्रयोगशाळेत नेला तर वाटेतच आकडा बदलतो. म्हणून काठावरच पिपेटने एक मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि मग एक मिलिलिटर अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण घालतात. ही दोन्ही द्रावणे पाण्यापेक्षा जड असल्याने खाली जातात आणि तेवढेच पाणी वरून सांडते. बूच लावून बाटली अनेकदा उलटसुलट करतात.

अल्कली मिळताच मँगनीजचा हायड्रॉक्साइड होऊन त्याचा साका तयार होतो. ताजा असताना तो पांढरा असतो. पण अल्कधर्मी पाण्यात तो ऑक्सिजनचा लोभी असतो: विरघळलेला ऑक्सिजन पकडतो आणि तपकिरी होतो. इथेच पहिला निकाल डोळ्यांना दिसतो. साका पांढराच राहिला, तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. तपकिरी जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. साका अर्ध्यापर्यंत खाली बसला की बाटली पुन्हा हलवतात, म्हणजे कुठल्या कोपऱ्यातला ऑक्सिजन सुटून जात नाही.

मग एक मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घालतात. साका विरघळतो आणि त्यातले ऑक्सिजनने चढवलेले मँगनीज आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेऊन आयोडीन मोकळे करते. जितका ऑक्सिजन, तितके आयोडीन, ठरलेल्या प्रमाणात. आम्ल पडल्यावर मँगनीजला ऑक्सिजन पकडता येत नाही, म्हणून आता हवेची भीती फारशी उरत नाही. मात्र आयोडीन उडून जाते आणि प्रकाशात थोडे नवे आयोडीनही सुटते. त्यामुळे आम्ल घातल्यावर टायट्रेशन लांबवत नाहीत.

आता मोजायचे ते आयोडीन. ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडले की पिवळा-तपकिरी रंग फिका होत जातो. तो अगदी फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्चचे थेंब घालतात आणि द्रावण निळे होते. स्टार्च आधीच घातला तर तो भरपूर आयोडीनला घट्ट धरून ठेवतो आणि शेवटचा थेंब ओळखणे कठीण जाते. निळा रंग पहिल्यांदा नाहीसा झाला, तो शेवट.

समजा, एका शेततळ्यात पहाटे साडेपाचला नमुना घेतला. दोन मिलिलिटर द्रावणांमुळे तेवढे पाणी बाहेर गेले होते, म्हणून 200 मिलिलिटर मूळ पाण्याच्या बरोबरीने 201 मिलिलिटर टायट्रेशनला घ्यावे लागते. थायोसल्फेट 0.025 नॉर्मल असेल तर त्याचा एक मिलिलिटर 0.2 मिलिग्रॅम ऑक्सिजनएवढा ठरतो. 200 मिलिलिटरमधले 0.2 मिलिग्रॅम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. द्रावणाची तीव्रता मुद्दाम तशीच निवडली आहे: ब्युरेटवरचा आकडाच उत्तर. इथे 2.4 मिलिलिटर लागले, म्हणजे पाण्यात लिटरला 2.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे. पाणी 28 अंशांवर असेल तर हे भरल्या पाण्याच्या सुमारे 31 टक्के झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्याला किमान 4 मिलिग्रॅम लागतात. त्याच तळ्यात दुपारी तीनला, 32 अंशांवर, 11.6 मिलिलिटर लागले तर ते भरल्या पाण्याच्या सुमारे 159 टक्के होतात. एवढी वाढ चुकीची नव्हे, ती शेवाळाची करामत असते. फक्त इतके भरलेले पाणी बाटलीत हलवले की बुडबुडे सुटतात, म्हणून ते घाईने हाताळता येत नाही.

शेवट फसवतो तेव्हा त्याची खूण रंगातच दिसते. निळा रंग गेला आणि लगेच परत आला, तर नायट्राइटचा संशय घेतात. खाद्य आणि शेण टाकलेल्या तळ्यात नायट्राइट तयार होतो. आम्लात तो आयोडाइडमधून आयोडीन सोडवतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा तयार होतो, त्यामुळे रंग पुनःपुन्हा फिरतो. यावर उपाय म्हणून आयोडाइडच्या द्रावणात आधीच सोडियम अझाइड घालतात, ते नायट्राइट नष्ट करते. अझाइड विषारी आहे आणि आम्लाशी भेटला की विषारी वायू देतो, म्हणून त्याची बाटली आम्लापासून दूर ठेवतात आणि काम हवेशीर जागी करतात. काही वेळाने हळूहळू परतणारा फिका निळसरपणा मात्र हवेच्या ऑक्सिजनमुळे असतो. तो सोडून द्यायचा.

दुसरा दोष दिसत नाही: थायोसल्फेट साठवणीत कमजोर होत जाते. कमजोर द्रावण जास्त लागते, आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. म्हणून त्याची तीव्रता पोटॅशियम डायक्रोमेटसारख्या पक्क्या द्रावणाशी वारंवार ताडून घेतात. शेवाळाने गच्च हिरव्या पाण्यात तरंगणारे सेंद्रिय कण आयोडीन खातात आणि आकडा कमी येतो. तशा तळ्यात ते कण तुरटीने आधी खाली बसवावे लागतात.

एकच बाटली एकाच जागेचे उत्तर देते. काठाजवळ लाटांमुळे हवा मिसळत असते, तळाशी गाळ ऑक्सिजन खात असतो, आणि दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात. म्हणून मोजणी करणारे पृष्ठभागाखाली फूटभरावरून आणि तळाजवळून वेगवेगळे नमुने घेतात, प्रत्येकाच्या दोन बाटल्या भरतात. जोडीच्या बाटल्यांचे आकडे जुळले नाहीत, तर बहुधा एकीत बुडबुडा शिरला असतो आणि नमुना पुन्हा घ्यावा लागतो. तळाचा आकडा पहाटे 2 च्या खाली असेल, तर मत्स्यपालक त्या दिवशी खाद्य टाकत नाही आणि रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत एरेटर चालू ठेवतो.