स्तंभाचा तळ कोठे आहे?

समजा, तुमच्यासमोर एक स्तंभालेख आहे. प्रश्न मात्र दिलेला नाही. आडव्या अक्षावर वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवली ही दोन शहरे, उभ्या अक्षावर २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या. दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुपटीहून उंच दिसतो. आता उभ्या अक्षाचा तळ पाहा. तेथे शून्य नसून १२ लाख आहे!

वसई-विरारची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार, कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख ४७ हजार. आलेखात दिसतात ते फक्त वरचे २२ आणि ४७ हजार. खरा फरक दोनच टक्क्यांचा. लाखाला एक सेंटिमीटर या प्रमाणात शून्यापासून स्तंभ काढा. उंचीत जेमतेम अडीच मिलिमीटरांचा फरक पडेल. स्तंभाची लांबी हीच संख्या दाखवते, म्हणून त्याचा तळ शून्यावरच हवा.