पाय एक, नंबर तीन

प्रश्न : ऑफिसचे लेदरचे बूट मला ८ नंबरचे बसतात, स्पोर्ट्स शूज ९ चे लागतात आणि सँडल ७ ची. यातला माझा खरा नंबर कोणता?

उत्तर : तिन्ही खरे आहेत, कारण बुटावर छापलेला नंबर हे तुमच्या पायाचं माप नाही. बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर ओढून शिवतात, त्याला कारागीर फर्मा म्हणतात. आपल्याकडे चालणारा यूके नंबर या फर्म्याच्या लांबीवरून ठरतो : इंचातल्या लांबीची तिप्पट करायची आणि त्यातून २५ वजा करायचे. म्हणजे ८ नंबरचा फर्मा ११ इंच, जवळपास २८ सेंटिमीटर. पुढच्या प्रत्येक नंबराला तो साडेआठ मिलिमीटरने वाढतो.

आता समजा, तुमचा पाय २६ सेंटिमीटर आहे. ८ नंबरच्या लेदर बुटात दोन सेंटिमीटर उरतात. ती जागा निमुळत्या टोकात जाते, लेस पाय जागेवर धरते आणि मोजा पातळ असतो, म्हणून ८ नंबर पुरतो. धावताना मात्र पाय दर पावलाला पुढे सरकतो आणि थोड्या वेळाने सुजतोही. शिवाय मोजा जाड आणि आतलं फोमचं अस्तरही जागा खातं. बूट तोकडा पडला तर बोटं पुढे आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. म्हणून इथे ९. सँडलला पुढे बंद टोकच नसतं. वरच्या हिशोबाने ७ नंबर म्हणजे साधारण २७ सेंटिमीटर. पायापुढे एक सेंटिमीटर तळ उरला की झालं, बाकीचं काम पट्टे करतात. त्याहून मोठी घेतली तर तळाची कड अडखळते.

प्रश्न : मग दोन कंपन्यांच्या स्पोर्ट्स शूजमध्येही फरक का पडतो?

उत्तर : पायापुढे किती जागा सोडायची, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. एकीच्या यूके ८ वर २६.५ सेंटिमीटर लिहिलेलं असतं, दुसरीच्या यूके ८ वर २७. त्यात पुरुषांच्या बुटांचा अमेरिकन नंबर यूकेपेक्षा अर्ध्याने किंवा एकाने जास्त असतो. तुमचा ९ हा यूएस ९ तर नाही ना, हे आधी बघा. बऱ्याच जणांचं कोडं तिथेच सुटतं.

बुटाच्या जिभेमागच्या लेबलवर ‘CM’ किंवा ‘JP’ पुढे जो आकडा असतो, तो पायाच्या लांबीचा. दुकानात जाण्याआधी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा, ते क्वचितच सारखे असतात. जो लांब भरेल, त्याच्या मापाने बूट घ्या.