फोटोतला अर्धा चौकोन

दहावी-बारावीच्या मुलांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या जीवशास्त्राच्या प्रश्नांत पुनेट चौकोन हमखास असतो. फोटो बहुधा तिरका असतो, आणि एका कडेवर बोटाची सावली. समजा, असा एक प्रश्न आला: वाटाण्यात गोल बी (R) सुरकुतलेल्या बीवर (r) प्रभावी आहे, चौकोन पूर्ण करून जनुकविधा व स्वरूपविधा यांची गुणोत्तरे कारणांसह लिहा. फोटोत एवढंच दिसतं:

```
      R    r
?     ?    Rr
?     ?    rr
```

डावी बाजू सावलीत गेली आहे. मुलं लगेच विचारतात, "दुसरा पालक कोणता, ते दिसतच नाही!" दिसत नसलं तरी काढता येतं. चौकोनाच्या वर एका पालकाची युग्मकं आणि डावीकडे दुसऱ्याची. जनुकांची जोडी युग्मक तयार होताना फुटते, त्यामुळे प्रत्येक युग्मकाकडे जोडीतलं एकच अक्षर जातं. आतल्या प्रत्येक घरात एक अक्षर वरून उतरतं आणि एक डावीकडून येतं. वरच्या उजव्या घरात Rr आहे. त्यातला r वरून आला, म्हणजे R डावीकडचा. खालच्या उजव्या घरात rr आहे. एक r वरचा, तर दुसरा डावीकडचाच असणार. म्हणजे सावलीतला पालकही Rr निघाला. आता उरलेली दोन घरं भरणं हे केवळ लेखनिकाचं काम.

```
      R    r
R     RR   Rr
r     Rr   rr
```

वरच्या उजव्या घरात Rr ऐवजी rr दिसलं असतं, तर डावीकडची दोन्ही अक्षरं r ठरली असती आणि पालक rr निघाला असता. मग उत्तरही वेगळं आलं असतं: निम्म्या बिया Rr, निम्म्या rr, म्हणजे निम्म्या गोल, निम्म्या सुरकुतलेल्या. म्हणून फोटोतलं एक अक्षर लहान की मोठं, याची शहानिशा आधी करावी. R आणि r निदान आकाराने वेगळे असतात. फुलाच्या रंगाच्या गणितात P आणि p आले की तिरक्या फोटोत डोळे ताणावे लागतात. अशा वेळी प्रश्नातले शब्द कामी येतात. पालक सुरकुतलेला असं छापलं असेल, तर तो rr च असणार.

आता गुणोत्तरं. जनुकविधा 1 RR : 2 Rr : 1 rr. इथे दोन घरांतले Rr एकत्र मोजायचे. काही मुलं एक घर Rr आणि दुसरं rR लिहून उत्तर 1:1:1:1 करून टाकतात. R आईकडून आला की वडिलांकडून, याने बीच्या रूपात इथे काही फरक पडत नाही. स्वरूपविधा 3 गोल : 1 सुरकुतलेली. कारणात "R प्रभावी असल्यामुळे RR आणि Rr दोन्ही गोल दिसतात" हे वाक्य लिहायचंच. त्याशिवाय तीन-एक हा नुसता पाठ केलेला आकडा वाटतो, आणि परीक्षकालाही तसंच वाटतं.

आणखी एक घोळ: चार घरं म्हणजे चार बिया नव्हेत. प्रत्येक बीसाठी ही शक्यता स्वतंत्र असते. एका शेंगेत सगळ्या बिया गोल निघाल्या तरी चौकोन चुकला असं होत नाही. खूप बिया मोजल्या की आकडे जवळ येतात. ग्रेगोर मेंडेलने ब्र्नोच्या मठाच्या बागेत वाढवलेल्या वाटाण्यांत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेल्या बिया मोजल्या. म्हणजे 2.96:1.

पण गोल बियांमध्ये RR किती आणि Rr किती, हे नुसतं पाहून कसं कळणार? मेंडेलने त्या गोल बिया पेरल्या आणि वाढलेल्या झाडांचं स्वपरागण होऊ दिलं. 565 झाडांपैकी 193 झाडांनी फक्त गोल बिया दिल्या, ती RR. उरलेल्या 372 झाडांनी दोन्ही प्रकार दिले, ती Rr. म्हणजे जवळपास एकास दोन. चौकोनातला 1:2 असा शेतातून मोजता आला. हा चौकोन मात्र मेंडेलचा नाही. केंब्रिजच्या रेजिनाल्ड पुनेट यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरात आणला.

फोटोत वाटाण्याऐवजी गुलबक्षी असेल तर चौकोन तसाच भरायचा, पण उत्तराची दुसरी ओळ बदलते. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून आलेलं झाड गुलाबी फुलं देतं, कारण तिथे प्रभाव अपूर्ण असतो. अशा दोन गुलाबी झाडांच्या संकरात लाल, गुलाबी आणि पांढरी फुलं 1:2:1 प्रमाणात येतात. जनुकविधेचं गुणोत्तरही तेच. प्रश्नात "प्रभावी" हा शब्द आहे की "अपूर्ण प्रभाव", ते वाचल्याशिवाय स्वरूपविधेच्या ओळीला हात लावू नये.