डिझेलचे दर वाढले, एवढंच?

समजा, आदिवासी पाड्यांवर फिरता दवाखाना चालवणारी एक संस्था आहे. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा अहवाल विश्वस्तांपुढे आणि देणगीदारापुढे जायचा आहे. डिझेलच्या ओळीवर अंदाजपत्रकात ९०,००० रुपये होते, खर्च झाला १,१५,२०० रुपये. तफावत २५,२०० रुपयांची, म्हणजे २८ टक्के. शेजारच्या खुलाशाच्या रकान्यात हिशेबनिसाने लिहिलं आहे : ‘डिझेलचे दर वाढल्यामुळे खर्च जास्त झाला.’

वाक्य खोटं नाही. दर वाढलेच होते. तरी हा खुलासा जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्या २५,२०० पैकी किती रुपये दरामुळे गेले हे तो सांगत नाही. ते काढायला फार मोठं गणित लागत नाही. फक्त अंदाजपत्रक करताना काय गृहीत धरलं होतं, ती जुनी कागदपत्रं काढावी लागतात. बहुतेक ठिकाणी अडतं ते इथेच. अंदाजपत्रकात ९०,००० हा आकडा असतो, तो कुठून आला हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

आपल्या संस्थेत सुदैवाने ते लिहिलेलं आहे. गाडी तिमाहीत ९,००० किलोमीटर धावेल, लिटरला ९ किलोमीटर देईल, म्हणजे १,००० लिटर डिझेल लागेल आणि ते ९० रुपये लिटरने मिळेल. आता पंपाच्या पावत्या पाहिल्या तर प्रत्यक्षात भरलं १,२०० लिटर, सरासरी ९६ रुपयांनी. दर लिटरमागे ६ रुपये चढला. १,२०० लिटरवर त्याचे ७,२०० रुपये होतात. उरलेले १८,००० रुपये दरवाढीचे नाहीतच. ते दोनशे लिटर जास्तीच्या डिझेलचे आहेत, जुन्याच ९० रुपयांच्या भावाने. म्हणजे ज्या दरवाढीवर सगळं ढकललं होतं, तिचा वाटा एक तृतीयांशही नाही.

मग दोनशे लिटर कशाला लागलं? याचं उत्तर खातेवहीत सापडत नाही, ते गाडीच्या लॉगबुकात असतं. लॉगबुक म्हणतं, गाडी ९,९०० किलोमीटर धावली. ठरल्यापेक्षा ९०० जास्त. लिटरला ९ या हिशेबाने त्यासाठी १०० लिटर लागलं असतं. ते का, हे चालकाला विचारलं की लगेच कळतं : जुलैत ओढ्यावरचा लहान पूल खचला, तेव्हापासून पलीकडच्या पाड्यांवर लांबच्या रस्त्याने जावं लागतं. झाले ९,००० रुपये. राहिलं आणखी १०० लिटर, आणखी ९,००० रुपये. ९,९०० किलोमीटरला १,१०० लिटर पुरायला हवं होतं, लागलं १,२००. म्हणजे गाडीचं ॲव्हरेज ९ वरून सव्वाआठवर आलं आहे.

या शेवटच्या ९,००० रुपयांशी सगळ्यांचीच थोडी पंचाईत होते. लांबचा रस्ता खराब आणि चढणीचा असेल तर ॲव्हरेज पडतंच. इंजिनाचं काम निघालं असेल तरी पडतं. आणि टाकीतून डिझेल काढलं जात असेल तरी कागदावर ते नेमकं असंच दिसतं. आकड्यांवरून या तिन्हींत फरक करता येत नाही. टाकी पूर्ण भरून ठरावीक अंतर गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर मावलं ते पाहायचं, एकदा जुन्या रस्त्यावर आणि एकदा नव्या, मग काहीतरी कळतं. ती चाचणी अहवालाआधी झाली नसेल तर खुलाशात ‘कारण तपासत आहोत, चाचणी अमुक तारखेपर्यंत’ असं लिहावं. माझ्या मते असा अर्धवट पण खरा खुलासा ‘अपरिहार्य कारणास्तव’ या आपल्या लाडक्या शब्दप्रयोगापेक्षा कितीतरी बरा.

सरळ मुद्द्याचा खुलासा मग असा होतो : ‘डिझेल : २५,२०० रुपये जास्त. पैकी ७,२०० दरवाढीमुळे. ९,००० पूल खचल्याने ९०० कि.मी. जास्त फिरावं लागल्यामुळे. ९,००० गाडीचं ॲव्हरेज घटल्यामुळे, याचं कारण तपासत आहोत. दर असाच राहिल्यास पुढे दर तिमाहीला सुमारे ६,००० रुपये जास्त लागतील. पूल दुरुस्त होईपर्यंत जास्तीचं अंतर सुरू राहील.’ शेवटची दोन वाक्यं बरेच जण गाळतात. विश्वस्तांना मात्र मागे काय झालं यापेक्षा पुढे पैसे पुरतील का, हे जास्त हवं असतं, आणि तीन कारणांची उत्तरं तीन वेगळी आहेत : दर आपल्या हातात नाही, पुलाचं काम कधीतरी संपेल, ॲव्हरेजवर मात्र आजच काही करता येईल.

अर्थात प्रत्येक ओळीला एवढा व्याप करायचा नसतो. म्हणून संस्था मर्यादा ठरवतात, आणि ती टक्के व रक्कम अशी दुहेरी असावी. चार हजारांच्या स्टेशनरीत १० टक्के म्हणजे चारशे रुपये, त्यावर परिच्छेद लिहिणं हास्यास्पद. उलट २० लाखांच्या पगारात नुसते ५ टक्के म्हणजे एक लाख. देणगीदाराच्या करारातही बहुधा अशी मर्यादा असते. ती ओलांडायची तर आधी परवानगी लागते, नंतर खुलासा देऊन भागत नाही.

कमी खर्च झाला की मात्र कुणी काही विचारत नाही, आणि खरा धोका तिथे असतो. याच अहवालात आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी २,००,००० रुपये होते, खर्च दिसतो ६०,०००. डिझेलचे २५,२०० यात सहज बुडून जातात आणि एकूण बेरीज छान दिसते. खुलाशात ‘बचत’ असं लिहायचा मोह होतो. प्रत्यक्षात बचत एक रुपयाचीही नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक प्रशिक्षण होऊन गेलं, सभागृह आणि जेवणाचं ८०,००० रुपयांचं बिल तिमाही संपेपर्यंत आलंच नव्हतं. काम या तिमाहीत झालं, तर खर्चही याच तिमाहीचा. बिल आलं नसलं तरी त्याची तरतूद हिशेबात धरायला हवी होती. ती धरली की ६०,००० रुपयांची तफावत उरते. हे दुसरं प्रशिक्षण भातलावणीमुळे नोव्हेंबरात ढकललं. म्हणजे तो नुसता वेळेचा फरक आहे, पैसे लागणारच आहेत. हे लिहिलं नाही तर कुणीतरी उदार मनाने ती ‘बचत’ दुसऱ्या कामाला वळवतो आणि नोव्हेंबरात प्रशिक्षणाला पैसे नसतात.

सरकारी हिशेबात याच गोष्टीला मोठं रूप आहे. मंजूर अनुदान आणि प्रत्यक्ष खर्च यांतली तफावत दरवर्षी विनियोजन लेख्यांत मांडली जाते, तिची कारणं खात्यांकडून मागवली जातात, आणि राज्यात मंजुरीपेक्षा जास्त झालेला खर्च राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ नुसार विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो. वर्षअखेरीस घाईने पैसे उडवणं हे केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी आर्थिक शिस्तीचा भंग मानलं आहे. न झालेल्या खर्चाचं कारण वेळेवर विचारलं गेलं नाही, तर पैसे मार्चमध्ये असेच बाहेर पडतात.

आपल्या संस्थेत ऑक्टोबरात सभागृहाचं बिल आलं, ८४,५०० रुपयांचं. तरतूद ८०,००० ची होती. सप्टेंबरचा अहवाल पुन्हा उघडायची गरज नाही; वरचे ४,५०० रुपये ऑक्टोबर-डिसेंबरच्या खर्चात जातील. मात्र त्या तिमाहीत प्रशिक्षणाच्या ओळीवर मागच्या तिमाहीतली ही रक्कम मिसळली आहे, एवढं तिथल्या खुलाशात आलंच पाहिजे.