न दुखणारा चट्टा

तोंडाचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही. वस्तीतल्या तपासणी शिबिरात दंतवैद्याला बोलणे इथूनच सुरू करावे लागते, कारण समोर बसलेल्यांचा हिशोब बहुधा उलटा असतो: दुखले तर आजार, नाही तर काही नाही. तोंड आले की माणसाला धड जेवता येत नाही, पण ते आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. ज्याची खरी काळजी करायची तो चट्टा मात्र गालाच्या आत महिनोन्‌महिने गप्प बसून असतो. तो दुखायला लागतो तेव्हा पुष्कळदा खोलवर गेलेला असतो.

हा चट्टा शोधायला यंत्र लागत नाही, चांगला उजेड आणि पाहणारे डोळे लागतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसत्या नजरेने तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. ज्यांना यातले काहीच व्यसन नव्हते, त्यांच्यात असा स्पष्ट फायदा दिसला नाही. म्हणून शिबिरातला डॉक्टर आधी विचारतो तो प्रश्न दातांचा नसतो. तंबाखू कुठे ठेवता, हा असतो.

हा प्रश्न शब्दशः घ्यायचा. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू कोणी खालच्या ओठामागे ठेवतो, कोणी गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत. वर्षानुवर्षे जागा तीच असते आणि चट्टा बहुधा त्याच जागी उठतो. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या म्हणूनच नीट पाहाव्या लागतात. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते’ हे वाक्य शिबिरात हमखास ऐकू येते, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मावा, खर्रा, गुटखा यांत तंबाखूबरोबर सुपारीही असते आणि सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक ठरलेली आहे.

घरी पाहताना आधी चूळ भरावी, कवळी असेल तर काढून ठेवावी आणि आरशासमोर तोंडात नीट उजेड पडेल असे उभे राहावे. ओठ उलटे करून आतली बाजू पाहावी. मग बोटाने गाल बाहेर ओढून तळाची खोबण पार मागच्या दाढेपर्यंत पाहावी. बहुतेक जण दाढेच्या अलीकडेच थांबतात. जीभ बाहेर काढून, टोक स्वच्छ फडक्यात धरून आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला ओढली, की तिच्या कडा दिसतात. जिभेवर कर्करोग वरच्या पृष्ठभागापेक्षा कडेला अधिक आढळतो. जीभ टाळूला लावली की तिच्याखालची जागा दिसते. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटे दाबून अवधाण लागते का, ते पाहावे. जिभेचे मूळ आणि घसा मात्र आरशात दिसत नाही. गिळताना सतत टोचणे किंवा आवाज बसून तो न सुटणे अशी तक्रार असेल, तर तोंड स्वच्छ दिसले म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

दिसणाऱ्या खुणांत पांढरा चट्टा सर्वांत जास्त आढळतो. तो फडक्याने पुसून निघाला तर बहुधा बुरशीचा असतो. पुसूनही तसाच राहिला तर दाखवायला हवा. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात बदलत नाही, बहुतेक बदलत नाहीत. लाल, मखमलीसारखा चट्टा तुलनेने क्वचित दिसतो, पण धोका त्यात कितीतरी अधिक. पांढऱ्यात लाल मिसळलेले असेल, तर तो लालच समजून चालावे.

सुपारी खाणाऱ्यांची खूण वेगळी असते. तिखट खाल्ले की तोंडाची आग होते, गालाची आतली कातडी फिकट पडते आणि बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. हळूहळू तोंड कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का, हे पाहिले की त्याचा अंदाज येतो. तोंडाचा हा आखडलेपणा सुपारी सोडल्यावर पुढे वाढायचा थांबू शकतो, पण गेलेला लवचीकपणा सहसा पूर्ण परत येत नाही. तिथे कर्करोग होण्याची शक्यताही अधिक, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते.

यापुढचा नियम दोन आठवड्यांचा. एका नेहमीच्या उदाहरणावरून तो नीट कळतो. पंचेचाळिशीचा एक ट्रकचालक वीस वर्षे डाव्या गालात तंबाखू ठेवतो. तिथे पांढरी, सुरकुतलेली कातडी आहे आणि शेजारच्या दाढेचा तुटका कोपरा गालाला घासतो. डॉक्टर दाढेची धार घासून गुळगुळीत करतो, तंबाखू पूर्ण बंद करायला सांगतो आणि पंधरा दिवसांनी बोलावतो. कारण काढून टाकल्यावर घासण्याची जखम एवढ्या काळात भरते आणि तंबाखूची पांढरी छटाही बरीच निवळू लागते. ट्रकचालकाचेही तसेच होते, पण दाढेमागे बोटाच्या पेराएवढी लालसर, खरखरीत जागा उरते. बोट लावले तर तिची कड घट्ट लागते. आता थांबायचे नाही, त्या जागेचा तुकडा काढून तपासायचा. पहिल्याच दिवशी अशी घट्ट कड लागली असती, तर पंधरा दिवसही थांबायचे नव्हते.

नेमकी इथेच वेळ जाते. कोणी जेल लावत बसतो, कोणी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या महिनाभर खातो. शेजारचा दात हलू लागला म्हणून तो उपटला जातो आणि त्याची जखम भरतच नाही. त्यातच ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत. ती खरी नाही. सुन्न करण्याचे इंजेक्शन देऊन काही मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि तो सर्वांत संशयित जागेतून घ्यावा लागतो. ट्रकचालकाच्या गालातल्या निवळलेल्या पांढऱ्या भागाचा तुकडा घेतला असता, तर अहवाल निर्धोक आला असता आणि दाढेमागची जागा तशीच राहिली असती.

अहवालात पेशींमध्ये नुसते बिघाड दिसले, तर चट्टा काढून टाकतात किंवा जवळून लक्ष ठेवतात. कर्करोग निघालाच, पण गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे, उथळ आहे आणि मानेत पसरलेली नाही, तर अनेकदा एकट्या शस्त्रक्रियेवर भागते. जबड्याच्या हाडात शिरलेल्या गाठीला हाडाचा भाग काढावा लागतो आणि पुढे किरणोपचारही घ्यावे लागतात. चट्टा निघाला तरी तोंडाच्या उरलेल्या अस्तराला तीच तंबाखू तितकीच वर्षे लागलेली असते आणि नवा चट्टा जिभेच्या कडेला किंवा दुसऱ्या गालातही उठू शकतो. म्हणून अशा रुग्णाला दर काही महिन्यांनी बोलावतात आणि प्रत्येक वेळी जुन्या जागेबरोबर सगळे तोंड पुन्हा तपासतात.