निवड बरोबर, तरी परतावा कमी

शेअर बाजारात परतावा घटला की आपण शेअरच्या निवडीला दोष देतो. पण निवड ठीकठाक असूनही परतावा घटू शकतो. अमेरिकेतल्या ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या अभ्यासकांनी एका मोठ्या ब्रोकरकडच्या 66,465 कुटुंबांचे 1991 ते 1996 या काळातले व्यवहार तपासले आणि 2000 साली निष्कर्ष मांडले. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्या गटाला वर्षाला 11.4 टक्के मिळाले, तर बाजाराने 17.9 टक्के दिले. सर्वांत कमी उलाढाल करणाऱ्यांना मात्र सुमारे 18.5 टक्के मिळाले. खर्च वजा करण्याआधी या दोन गटांच्या परताव्यात फारसा फरक नव्हता. सारी तफावत व्यवहारांच्या खर्चाने पडली होती.

हे कसं घडतं? समजा, दोघांनी प्रत्येकी 1 लाख रुपये गुंतवले आणि खर्चाआधी दोघांच्याही शेअरनी वर्षाला 12 टक्के दिले. पहिला शेअर धरून बसला. दुसऱ्याने वर्षातून दोनदा सगळे शेअर विकून नवे घेतले. एका फेरीचा खर्च 1 टक्का धरला, तर त्याच्या हाती वर्षाला 10 टक्केच उरतात. 20 वर्षांनी पहिल्याकडे सुमारे 9.65 लाख असतात, दुसऱ्याकडे 6.73 लाख. दुसऱ्याचा एकही अंदाज सरासरीहून वाईट नव्हता, तरी जवळजवळ 3 लाख गेले.

आज आपल्याकडे काही ब्रोकर डिलिव्हरीवर ब्रोकरेज घेत नाहीत, म्हणून व्यवहार फुकट वाटतो. पण खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी लागतो, शिवाय मुद्रांक शुल्क असतं. खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांतलं अंतर तर कॉन्ट्रॅक्ट नोटवर दिसतही नाही. वर्षाच्या आत नफ्यात विकलं, तर करही जास्त दराने भरावा लागतो.

मग माणसं इतकी उलाढाल का करतात? बार्बर आणि ओडीन यांचं उत्तर होतं, फाजील आत्मविश्वास. आपल्याला इतरांहून जास्त कळतं, असं वाटणारा माणूस प्रत्येक बातमीवर हालचाल करतो. पैशांच्या बाबतीत हा आत्मविश्वास पुरुषांत जास्त असतो, असं मानसशास्त्रातले अभ्यास सांगत होते. म्हणून 2001 साली त्यांनी स्त्री-पुरुषांची खाती ताडून पाहिली. पुरुष 45 टक्के जास्त उलाढाल करत होते. त्या उलाढालीने पुरुषांचा वार्षिक परतावा 2.65 टक्क्यांनी घटला, स्त्रियांचा 1.72 टक्क्यांनी.

आपलं काय चाललंय, हे तपासता येतं. वर्षभरातल्या एकूण विक्रीला गुंतवणुकीच्या सरासरी मूल्याने भागा. उत्तर 1 आलं, तर सगळे शेअर वर्षात एकदा बदलले. मग सर्व शुल्कं आणि कर वजा करून उरलेला परतावा लाभांशासह मोजलेल्या निफ्टीशी ताडून पाहा. विकलेल्या शेअरच्या जागी घेतलेला नवा शेअर फेरीचा खर्च भरून काढण्याइतका सरस ठरला, तरच तो बदल फायद्याचा होता.