जुझेप्पेचा जोसेफ होतो तेव्हा

सावरकरांनी लंडनमध्ये मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला. तो 1907 साली प्रसिद्ध झाला. अनुवाद इंग्रजीवरून झालेला असल्याने इटलीतले जुझेप्पे मात्सीनी मराठीत ‘जोसेफ मॅझिनी’ होऊन आले. ‘मॅ’मधला स्वर इटालियनमध्ये नाहीच. पण हे नाव मराठीत केव्हाच रुजले. आता ते बदलले तर वाचकाला माणूसच ओळखू येणार नाही. रोम, व्हेनिस, पिझ्झा यांचेही तेच. विचार करावा लागतो तो मराठीत नव्याने येणाऱ्या शब्दांचा.

समजा, इटालियन कथेत एक वाक्य आहे: ‘नोन्ना प्यात्सातून फोकाच्चा घेऊन आली.’ यातले तीन शब्द तीन वेगळे निर्णय मागतात.

‘नोन्ना’ म्हणजे आजी. नाते, माया, हाक मारण्याची सवय, सगळे ‘आजी’त येते, तेव्हा खुशाल अनुवाद करावा. फोकाच्चा हा ऑलिव्ह तेल लावून भाजलेला चपटा पाव. नुसते ‘पाव’ लिहिले तर डोळ्यांपुढे लादीपाव येतो, म्हणून मूळ शब्द ठेवावा आणि ओळख वाक्यातच करून द्यावी. ‘प्यात्सा’चे उत्तर कथेवर अवलंबून आहे. आजी तिथून नुसती जात असेल, तर ‘चौक’ पुरे. पण चर्चसमोरच्या त्या मोकळ्या फरसबंद जागेत गावाचा बाजार आणि संध्याकाळच्या गप्पा घडत असतील, तर रहदारीचा चौक कमी पडतो. तिथे ‘प्यात्सा’च हवा. आपल्या वाक्याचे मग असे होईल: ‘आजी चौकातून ऑलिव्ह तेलाने माखलेला गरम फोकाच्चा घेऊन आली.’

लिहिताना मुख्य अडथळा इंग्रजी वाचनाच्या सवयीचा. इटालियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, अगदी मराठीसारखे; म्हणून ‘डान्टे’ नव्हे, ‘दान्ते’. ‘सीएच’ म्हणजे ‘क’: मेन्यूकार्डावर ‘ब्रुशेटा’ झालेला पदार्थ मुळात ‘ब्रुस्केत्ता’ आहे. जोडाक्षर तिथे खरोखर दुहेरी उच्चारतात, तेव्हा ते सोडू नये. याउलट फोकाच्चाच्या स्पेलिंगमधला ‘आय’ फक्त आधीच्या ‘सी’चा ‘च’ करण्यापुरता आहे, म्हणून ‘फोकाच्चिया’ चूक.

‘प्यात्सा’तला ‘त्स’ म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चमचा’तला ‘च’. तरीही ‘प्याचा’ लिहून चालत नाही, कारण देवनागरीत ‘चहा’चा ‘च’ही तसाच दिसतो आणि वाचक कुठला उच्चारेल याचा भरवसा नाही.

शब्द ठेवला की त्याला मराठी व्याकरणात बसवावे लागते. इटालियनमध्ये प्यात्सा आणि फोकाच्चा दोन्ही स्त्रीलिंगी आहेत, पण मराठी कान त्यांना ‘चौक’ आणि ‘पाव’ यांच्या शेजारी ऐकतो, म्हणून ‘तो प्यात्सा’, ‘तो फोकाच्चा’ सहज वाटते. सामान्यरूप मात्र टाळलेले बरे: ‘प्यात्स्यात’ लिहिले तर मूळ शब्द ओळखू येत नाही, ‘प्यात्सात’ लिहिले तर येतो.